पेमेंट गेटवेचा रोजचा ताळा

ऑनलाइन दुकानात ग्राहकाने भरलेले पैसे थेट दुकानदाराच्या बँक खात्यात जात नाहीत. ते आधी पेमेंट गेटवे चालवणाऱ्या कंपनीकडे जमतात. ही कंपनी दिवसभरातल्या सगळ्या रकमा एकत्र करते, आपले शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापते, ग्राहकांना परत केलेले पैसे वजा करते आणि उरलेली रक्कम एकाच व्यवहाराने दुकानदाराच्या खात्यात भरते. या भरण्याला सेटलमेंट म्हणतात. दुकानदाराच्या पासबुकात त्यामुळे एकच आकडा दिसतो आणि त्यामागे वीस, दोनशे किंवा दोन हजार ऑर्डरी असू शकतात. तो आकडा कोणत्या ऑर्डरींचा आहे, त्यातून काय कापले गेले आणि कोणत्या ऑर्डरीचे पैसे अजून यायचे आहेत, हे शोधण्याच्या कामाला हिशेबनीस जुळवणी किंवा रिकन्सिलिएशन म्हणतात. रोज पाच-दहा ऑर्डरी असतील तर ती हाताने होते. संख्या वाढली की फाइल आपोआप उतरवून, वाचून जुळवणारी व्यवस्था लागते.

पैसा कोणत्या वाटेने येतो

गेटवे कंपन्यांनी ग्राहकांचे पैसे कसे सांभाळायचे याचे नियम भारतीय रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020 रोजी जाहीर केले. त्यानुसार दुसऱ्यांसाठी पैसे गोळा करणाऱ्या बिगरबँक कंपनीला हे पैसे स्वतःच्या पैशांत मिसळता येत नाहीत. ते बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात आणि तिथूनच दुकानदाराला द्यावे लागतात.

दुकानदाराला पैसे कधी मिळणार हे करारात लिहिलेले असते. भारतात ‘टी+2’ ही पद्धत सर्रास दिसते. टी म्हणजे व्यवहाराचा दिवस. त्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पैसे येतात. सोमवारचे पैसे बुधवारी येतात, पण मध्ये सुटी आली की हिशेब सरकतो. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे त्या आठवड्यात शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तिन्ही दिवसांचे पैसे मंगळवारी येऊन पडू शकतात. नेफ्टची सेवा 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास सुरू आहे, तरी सेटलमेंटचे वेळापत्रक अनेकदा कामकाजाच्या दिवसांवरच चालते. ‘आजची विक्री’ आणि ‘आज बँकेत आलेली रक्कम’ हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही, ते यामुळे. ते वेगवेगळ्या दिवसांचे आकडे असतात.

शुल्कही सगळ्या व्यवहारांना सारखे नसते. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून घेतला जाणारा व्यवहार दर, शून्य आहे. क्रेडिट कार्ड, नेटबँकिंग, परदेशी कार्ड यांचे दर वेगळे असतात आणि ते करारानुसार बदलतात. त्यामुळे एकूण विक्रीवर सरसकट दोन टक्के लावून अपेक्षित रक्कम काढली तर ती बरोबर येणे हा योगायोगच ठरतो.

तीन नोंदी आणि त्यांना बांधणारे क्रमांक

जुळवणीत तीन ठिकाणच्या नोंदी समोरासमोर येतात. पहिली दुकानाची ऑर्डर वही, जी संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये असते. दुसरी गेटवेची सेटलमेंट फाइल. तिसरी बँकेचे स्टेटमेंट. ऑर्डर वहीला कापलेले शुल्क माहीत नसते. बँकेला ऑर्डर माहीत नसते. दोन्हीकडचे थोडे थोडे फक्त सेटलमेंट फाइलला माहीत असते, म्हणून ती मधला दुवा ठरते.

हा दुवा रकमांनी नव्हे, क्रमांकांनी बांधायचा असतो. ग्राहक पैसे भरायला जातो तेव्हा दुकानाची प्रणाली आपला ऑर्डर क्रमांक गेटवेला कळवते. पैसे भरले गेले की गेटवे त्या व्यवहाराला स्वतःचा पेमेंट क्रमांक देतो. सेटलमेंटच्या वेळी अनेक पेमेंट क्रमांक एका सेटलमेंट क्रमांकाखाली येतात. सेटलमेंटची रक्कम बँकेतून निघते तेव्हा बँकव्यवस्था तिला यूटीआर क्रमांक देते. नेफ्टचा यूटीआर 16 अक्षर-अंकांचा असतो, आरटीजीएसचा 22 अक्षर-अंकांचा. हाच क्रमांक सेटलमेंट फाइलमध्येही असतो आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्येही.

ऑर्डर क्रमांकावरून पेमेंट क्रमांक, पेमेंटवरून सेटलमेंट, सेटलमेंटवरून यूटीआर आणि यूटीआरवरून बँकेतली ओळ, अशी ही साखळी आहे. ती अखंड असेल तर जुळवणी यंत्राला सोपवता येते. सर्वांत जास्त निष्काळजीपणा तिच्या पहिल्याच कडीत होतो. संकेतस्थळ बनवणारा ऑर्डर क्रमांक गेटवेला पाठवायला विसरला, तर फाइलमध्ये फक्त रक्कम, वेळ आणि ग्राहकाचा ईमेल उरतो. मग 999 रुपयांच्या चाळीस सारख्या ऑर्डरींपैकी कोणती कोणाची, हे सांगता येत नाही.

फाइल उतरवणे

सेटलमेंट फाइल मिळवण्याचे तीन मार्ग आहेत. गेटवेच्या डॅशबोर्डवरून ती हाताने डाउनलोड करता येते, रोज ठरलेल्या वेळी एसएफटीपी सर्व्हरवर किंवा ईमेलने येते, किंवा दुकानाचा प्रोग्राम एपीआयमार्फत ती मागवतो. रोजच्या कामासाठी शेवटचे दोन मार्ग वापरतात. फाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराची एक ओळ असते. पुढच्या नमुन्यात स्तंभांची नावे भारतात प्रचलित असलेल्या एका रचनेप्रमाणे आहेत, काही स्तंभ गाळले आहेत आणि क्रमांक वाचण्यासाठी लहान केले आहेत.

```
type,entity_id,order_receipt,amount,fee,tax,debit,credit,settlement_id
payment,pay_A2,4102,1250000,29500,4500,0,1220500,setl_K9
refund,rfnd_R1,4077,560000,0,0,560000,0,setl_K9
```

या दोन ओळींतच नवख्याला चकवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली, रकमा पैशांत आहेत. `1250000` म्हणजे साडेबारा लाख रुपये नव्हेत, 12,500 रुपये. रकमा पूर्णांकात ठेवण्याची ही पद्धत मुद्दाम स्वीकारलेली आहे. दशांश चिन्हाच्या संख्या संगणक आतून द्विमान पद्धतीने साठवतो आणि हजारो बेरजांनंतर त्यात पैशा-दोन पैशांचा फरक साचू शकतो. म्हणून जुळवणीच्या डेटाबेसमध्येही रक्कम पैशांतच ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट `fee` आणि `tax` या स्तंभांची. या नमुन्यात `fee` मधले 295 रुपये हे कर धरून आहेत. 250 रुपये शुल्क आणि त्यावर 18 टक्के दराने 45 रुपये जीएसटी. `tax` हा त्यातलाच भाग वेगळा करून दाखवलेला आहे. काही गेटवेंच्या फाइलमध्ये मात्र शुल्क आणि कर हे दोन स्वतंत्र आकडे असतात आणि दोन्ही वजा करावे लागतात. कोणती पद्धत आहे हे कागदपत्रांत पाहावे लागते आणि एका ओळीवर करून पाहिले की लगेच कळते. 12,500 मधून 295 गेले की 12,205 उरतात आणि `credit` स्तंभात तोच आकडा आहे.

फाइल आत घेताना प्रोग्रामने तीन तपासण्या करायच्या असतात. पहिली, ही फाइल आधी घेतली आहे का. गेटवे कधीकधी तीच फाइल दुसऱ्यांदा पाठवतो किंवा दुरुस्त करून नव्याने पाठवतो. प्रत्येक ओळीची ओळख म्हणून गेटवेचे नाव, ओळीचा प्रकार आणि `entity_id` यांची जोडी डेटाबेसमध्ये अद्वितीय ठेवली, तर तीच फाइल दहा वेळा घातली तरी नोंद एकदाच होते. दुसरी तपासणी बेरजेची. एका सेटलमेंट क्रमांकाखालच्या सर्व `credit` ची बेरीज वजा सर्व `debit` ची बेरीज ही गेटवेने जाहीर केलेल्या सेटलमेंट रकमेइतकी आली पाहिजे. ती आली नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा ओळीचा एखादा नवा प्रकार प्रोग्रामला समजलेला नाही. अशा वेळी फाइल बाजूला ठेवून माणसाला कळवायचे. अर्धी फाइल जुळवणे हे न जुळवण्यापेक्षा वाईट. तिसरी तपासणी म्हणजे फाइल आली का, हीच. न आलेली फाइल स्वतःहून चूक दाखवत नाही. म्हणून कामकाजाच्या दिवशी ठरलेल्या वेळेपर्यंत फाइल आली नाही तर सूचना जाईल अशी सोय लागते.

फाइल आधी एक्सेलमध्ये उघडून, जतन करून मग प्रोग्रामला देण्याची सवय अनेक कार्यालयांत असते. ती मोडावी लागते. एक्सेल एखाद्या संख्येचे पहिले 15 अंक जपते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये भरते. सुरुवातीची शून्ये गाळते. लांब क्रमांक घातांकाच्या रूपात दाखवते. दिवस-महिना या क्रमाने लिहिलेल्या तारखा संगणकाच्या मांडणीनुसार उलटतात आणि 4 जूनचा 6 एप्रिल होतो. म्हणून क्रमांक हे संख्या नव्हेत, मजकूर म्हणून वाचायचे आणि गेटवेची मूळ फाइल हात न लावता साठवून ठेवायची.

बँकेची ओळ ओळखणे

बँकेचे स्टेटमेंट सीएसव्ही फाइल म्हणून, एमटी940 सारख्या ठरावीक रचनेत किंवा बँकेच्या एपीआयमधून घेता येते. त्यातला उपयोगाचा भाग म्हणजे तारीख, जमा रक्कम आणि तपशिलाचा मजकूर, ज्याला बँकेत नॅरेशन म्हणतात. तो साधारण असा दिसतो.

```
NEFT CR-ABCD0000123-PG ESCROW-ABCDN25155001234
```

इथे शेवटचे 16 अक्षर-अंक म्हणजे यूटीआर. पण तो कुठे येईल याची खात्री नसते. एक बँक तो शेवटी लिहिते, दुसरी सुरुवातीला, तिसरी संदर्भ क्रमांकाच्या वेगळ्या स्तंभात. काही स्टेटमेंटांत नॅरेशन ठरावीक लांबीनंतर तुटते आणि यूटीआरचे शेवटचे अंक नाहीसे होतात. नॅरेशनमधून यूटीआर कापून काढण्याचा सर्वसाधारण नियम लिहायला गेले की प्रत्येक बँकेसाठी तो बदलावा लागतो. त्यापेक्षा उलट दिशेने शोधणे अधिक भरवशाचे. अपेक्षित यूटीआर सेटलमेंट फाइलमधून आधीच कळलेले असतात. त्यांपैकी कोणता क्रमांक कोणत्या नॅरेशनमध्ये आहे, एवढेच पाहायचे. सापडला आणि रक्कम पैशापर्यंत तीच असली की ओळ जुळली. यूटीआर तोच पण रक्कम वेगळी, असे झाले तर ती नोंद थांबवून माणसाकडे द्यायची.

बँक आणि सेटलमेंट ही जुळवणी नेहमी आधी करतात. खात्यात पैसे आले आहेत हे ठरल्याशिवाय त्या पैशांत कोणत्या ऑर्डरी होत्या, या प्रश्नाला अर्थ नसतो. सेटलमेंट फाइल म्हणजे गेटवेचे म्हणणे, बँकेचे स्टेटमेंट म्हणजे त्याचा पुरावा.

एका दिवसाचे उदाहरण

समजा, येवल्याची पैठणी आणि इतर हातमाग कापड ऑनलाइन विकणारे एक दुकान आहे. सोमवार, 2 जून 2025 रोजी त्याच्या ऑर्डर वहीत गेटवेमार्फत पैसे मिळालेल्या चार ऑर्डरी दिसतात. 4101 ची रक्कम 3,200 रुपये, 4102 ची 12,500, 4103 ची 8,400 आणि 4105 ची 4,300. एकूण 28,400 रुपये. ऑर्डर 4104 ही 6,750 रुपयांची होती, पण तिच्यासमोर ‘पेमेंट अयशस्वी’ असे लिहिले आहे. बुधवारी, 4 जूनला, बँकेत 27,797.46 रुपये जमा झाले.

हाताने हिशेब ठेवणारा इथे फसण्याची दाट शक्यता आहे. 28,400 मधून 27,797.46 गेले की 602.54 उरतात. हा फरक विक्रीच्या दोन टक्क्यांहून थोडा जास्त आहे, म्हणजे शुल्क आणि कर धरून जेवढा वाटतो तेवढाच. तो ‘गेटवे शुल्क’ म्हणून नावे टाकला की वही जुळते आणि कोणाला शंकाही येत नाही.

सेटलमेंट फाइल ओळीओळीने वाचली की वेगळे चित्र दिसते. 4101 चे 3,200 रुपये यूपीआयने आले आणि त्यावर या दुकानाच्या करारानुसार शुल्क नाही. 4102 चे 12,500 क्रेडिट कार्डाने आले, 250 रुपये शुल्क आणि 45 रुपये जीएसटी जाऊन 12,205 मिळाले. 4103 चे 8,400 नेटबँकिंगने आले, 168 शुल्क आणि 30.24 कर जाऊन 8,201.76 मिळाले. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे आहे.

पुढच्या ओळीत ऑर्डर 4104 आहे. कार्डाने 6,750 रुपये आले, 135 शुल्क आणि 24.30 कर जाऊन 6,590.70 मिळाले. म्हणजे दुकानाने जी ऑर्डर अयशस्वी मानली, तिचे पैसे गेटवेकडे पोहोचले होते. पैसे भरले गेल्याचा निरोप गेटवे दुकानाच्या सर्व्हरला स्वयंचलित संदेशाने देतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो संदेश हरवला किंवा बँकेची मंजुरी काही मिनिटे उशिरा आली की असे घडते. पैसे गेलेल्या त्या ग्राहकाला साडी पाठवायला कोणीच घेतलेली नसते.

त्यानंतर 4101 साठीच 3,200 रुपयांची आणखी एक यूपीआय ओळ आहे. पहिला प्रयत्न अडकला असे वाटून ग्राहकाने दुसऱ्यांदा पैसे भरले आणि दोन्ही व्यवहार यशस्वी झाले. शेवटची ओळ परताव्याची आहे. आधीच्या आठवड्यातल्या 4077 या ऑर्डरीचे 5,600 रुपये ग्राहकाला परत गेले आणि ते या सेटलमेंटमधून वजा झाले. 4105 मात्र फाइलमध्ये नाहीच. ती रात्री उशिराची होती. गेटवेचा दिवस त्याआधीच बंद झाल्यामुळे तिचे पैसे पुढच्या सेटलमेंटमध्ये येतील.

आता ताळा पाहता येतो. फाइलमधल्या पाच पेमेंटची एकूण रक्कम 34,050 रुपये. त्यातून शुल्काचे 553 आणि जीएसटीचे 99.54 गेले की 33,397.46 उरतात. परताव्याचे 5,600 वजा केले की 27,797.46 रुपये येतात, बँकेत आलेली नेमकी रक्कम. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कर धरून दिलेल्या शुल्कातून कर पुन्हा वजा केला असता, तर उत्तर 27,697.92 आले असते. म्हणजे फरक बरोबर 99.54 रुपयांचा, दिवसाच्या एकूण जीएसटीइतका. फरकाचा आकडा फाइलमधल्या एखाद्या स्तंभाच्या बेरजेशी तंतोतंत जुळला, तर चूक बहुधा त्या स्तंभाच्या अर्थात असते.

खरे शुल्क आणि कर मिळून 652.54 रुपये होते, 602.54 नव्हे. हा 50 रुपयांचा फरक किरकोळ वाटेल, पण त्याच्याखाली चार मोठ्या रकमा एकमेकींना झाकत होत्या. 6,750 आणि 3,200 या अनपेक्षित आलेल्या, तर 5,600 आणि 4,300 या वजा झालेल्या किंवा न आलेल्या. रकमांच्या बेरजा जवळपास जुळल्या म्हणून व्यवहार जुळले, असे मानता येत नाही ते याच कारणाने.

न जुळलेल्यांची यादी

या उदाहरणात पेमेंटच्या पाच ओळींपैकी तीन यंत्राने जुळवल्या आणि परताव्याची ओळ मूळ ऑर्डरीशी लावली. उरलेल्या तीन बाबी, म्हणजे 4104, 4101 चे दुसरे पेमेंट आणि 4105, या वेगळ्या यादीत जातात. रोज सकाळी हिशेबनिसाने पाहायची ती हीच यादी. तिच्यातली प्रत्येक ओळ कोणत्या प्रकारची आहे हे सांगितले गेले, तर काम निम्मे होते.

ऑर्डर आहे पण फाइलमध्ये पेमेंट नाही, हा पहिला प्रकार. त्याचा अर्थ वयावर ठरतो. दोन दिवस जुनी नोंद बहुधा वाटेत असते. टी+2 च्या करारात पाच कामकाजाचे दिवस उलटले तरी पैसे आले नाहीत, तर गेटवेकडे विचारणा करावी लागते. 4105 सारख्या नोंदीवर म्हणून लगेच लाल खूण करायची नसते. तिचे वय मोजत राहायचे असते.

पेमेंट आहे पण ऑर्डर नाही किंवा अयशस्वी आहे, हा दुसरा प्रकार. तो ग्राहकाच्या दृष्टीने तातडीचा असतो. ऑर्डर पूर्ववत करून माल पाठवायचा की पैसे परत करायचे, हा निर्णय माणसाने घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे पुष्टी पोहोचली नाही अशा ऑनलाइन व्यवहारांत पैसे टी+5 दिवसांत आपोआप परत जायला हवेत. त्यानंतर दर दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. ही तरतूद सेटलमेंट न झालेल्या व्यवहारांना उपयोगी पडते. 4104 चे पैसे मात्र दुकानाच्या खात्यात आलेले आहेत, त्यामुळे ते परत करण्याची जबाबदारी दुकानाची.

एका ऑर्डरीला दोन पेमेंट, हा तिसरा प्रकार. प्रोग्राम ‘एक ऑर्डर, एक पेमेंट’ असे गृहीत धरून लिहिला असेल तर दुसरे पेमेंट पहिल्यावर लिहिले जाते आणि 3,200 रुपये दिसेनासे होतात. म्हणून एका ऑर्डरीखाली अनेक पेमेंट राहू शकतील अशीच डेटाबेसची रचना असावी लागते.

चौथा प्रकार ऑर्डरीशी थेट संबंध नसलेल्या ओळींचा. ग्राहकाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केल्यावर गेटवे ती रक्कम कापतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. ही कपात विक्रीनंतर काही आठवड्यांनीही येऊ शकते. वाद दुकानाच्या बाजूने सुटला तर तीच रक्कम पुन्हा जमा होते. याखेरीज रोखून ठेवलेल्या रकमा आणि गेटवेने केलेल्या दुरुस्त्या असतात. एखाद्या दिवशी परतावे विक्रीहून जास्त झाले तर सेटलमेंट ऋण होते. त्या दिवशी बँकेत ओळच येत नाही आणि वजा रक्कम पुढच्या सेटलमेंटमधून कापली जाते. बँकेत ओळ नाही म्हणून गेटवेने पैसे दिले नाहीत, असा निष्कर्ष इथे चुकीचा ठरतो.

यूटीआर तुटका असेल किंवा ऑर्डर क्रमांक नसेल, तेव्हा रक्कम आणि तारीख यांवरून जोडी सुचवण्याची सोय प्रोग्राममध्ये ठेवतात. तिला मर्यादा घालाव्या लागतात. त्या रकमेची आणि तारखेची दोन्हीकडे एकेकच नोंद असेल तरच जोडी सुचवायची आणि ती माणसाने मान्य केल्याशिवाय पक्की धरायची नाही. रकमेतली सूटही शुल्काच्या गोलाईपुरती, म्हणजे पैशा-दोन पैशांचीच ठेवायची. दहा रुपयांपर्यंतचा फरक आपोआप सोडून द्यायचा, असा नियम केला तर यादी लहान होते, पण दरात झालेली छोटी वाढ महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

वहीत नोंद

जुळवणीचा निकाल हिशेबाच्या वहीत उतरतो तो मधल्या एका खात्यामार्फत. त्याला गेटवे क्लिअरिंग खाते म्हणतात. ग्राहकाने पैसे भरले की पूर्ण रक्कम या खात्याला नावे आणि विक्रीला जमा होते. बँकेत सेटलमेंट आली की हे खाते जमा होते आणि समोर बँक, शुल्क आणि जीएसटी या तीन खात्यांना नावे पडते. वरच्या उदाहरणात बँकेला 27,797.46, शुल्काला 553 आणि जीएसटीला 99.54 रुपये नावे. तिन्ही मिळून 28,450 रुपये, म्हणजे पाच पेमेंटचे 34,050 वजा परताव्याचे 5,600.

क्लिअरिंग खात्याला त्या दिवशी काय काय नावे पडले तेही पाहू. चार ऑर्डरींचे 28,400 आणि अनपेक्षित आलेले 6,750 व 3,200, मिळून 38,350. अनपेक्षित रकमा तूर्त विक्रीत न धरता ‘ग्राहकांना देणे’ या खात्याला जमा केल्या जातात. परतावा केला तेव्हा 5,600 आणि सेटलमेंट आली तेव्हा 28,450 जमा झाले. शिल्लक 4,300 रुपये राहिली आणि ती तंतोतंत ऑर्डर 4105 ची रक्कम आहे. क्लिअरिंग खात्याची शिल्लक कधीच शून्य नसते, कारण दोन दिवसांचे पैसे नेहमी वाटेत असतात. ती शून्य असण्याची गरज नाही, पण तिच्यातला प्रत्येक रुपया कोणत्या ऑर्डरीचा हे नावानिशी सांगता आले पाहिजे. शिल्लक हळूहळू वाढत असेल आणि विक्री मात्र तेवढीच असेल, तर कुठेतरी न जुळलेल्या नोंदी साचत आहेत.

महिनाअखेरीस याचा थेट उपयोग होतो. 30 आणि 31 तारखेची विक्री त्या महिन्याची, पण पैसे पुढच्या महिन्यातले. बँकेतल्या जमेला विक्री मानणाऱ्या वहीत ती चुकीच्या महिन्यात पडते. वेळेची आणखी एक अडचण इथेच डोके वर काढते. काही प्रणाल्या वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. 1 तारखेच्या पहाटे दोन वाजता भरलेले पैसे त्यामुळे आदल्या महिन्याच्या शेवटच्या रात्री साडेआठला भरलेले दिसतात. फाइल आत घेतानाच सर्व वेळा एका मापावर आणल्या तर हा प्रश्न उरत नाही.

गेटवे महिन्याअखेर शुल्काचे बीजक देतो. रोजच्या फाइलमधल्या शुल्काची आणि कराची बेरीज या बीजकाशी जुळली पाहिजे आणि बीजकातला जीएसटी शासनाच्या संकेतस्थळावरच्या जीएसटीआर-2बी या पत्रकात दिसला पाहिजे. तो तिथे नसेल तर कराची वजावट अडते. सरसकट अंदाजाने शुल्क लिहिणाऱ्या दुकानाला ही पडताळणी करताच येत नाही, कारण तुलना करायला त्याच्याकडे ओळवार आकडेच नसतात.

घरपोच माल देताना रोख घेतलेले पैसे कुरिअर कंपनी वेगळ्या फाइलसह पाठवते, तर मोठ्या विक्री संकेतस्थळांची सेटलमेंट त्यांच्या कमिशनसह वेगळ्या रचनेत येते. त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र क्लिअरिंग खाते आणि फाइल वाचणारा स्वतंत्र भाग लागतो. क्रमांकांची साखळी, फाइलच्या बेरजेचा ताळा आणि न जुळलेल्या नोंदींचे वय या तीन गोष्टी मात्र तिथेही याच क्रमाने पाहाव्या लागतात.